गेटवे ऑफ इंडिया पाचशे मीटर कसं सरकतं: सीएसव्ही, स्प्रेडशीट आणि अक्षांश-रेखांश

सर्वेक्षणाची फाइल मोबाइलच्या अ‍ॅपमधून उतरवली, एक्सेलमध्ये उघडून थोडी नीटनेटकी केली, सेव्ह केली आणि नकाशावर टाकली, तर बिंदू भलत्याच जागी दिसतात. अशा वेळी बहुतेक जण जीपीएसला दोष देतात किंवा नोंद करणाऱ्या माणसाला. पुष्कळदा दोघंही निर्दोष असतात, कारण आकडे मधल्या त्या ‘नीटनेटकं करण्यात’ गेलेले असतात. हे नेमकं कुठल्या क्षणी घडतं ते एकाच ओळीच्या फाइलवर बघू.

```
नाव,lat,lon
गेटवे ऑफ इंडिया,18.921984,72.834654
```

सीएसव्ही फाइल म्हणजे एवढंच असतं: साधा मजकूर आणि मध्ये स्वल्पविराम. पहिला रकाना अक्षरांचा आहे, दुसरा आकड्यांचा आहे, दशांशानंतर सहा अंक जपायचे आहेत, असं काहीही त्या फाइलीत लिहिलेलं नसतं आणि लिहायला जागाही नसते. त्यामुळे फाइलवर डबल-क्लिक केलं की प्रत्येक घरात काय आहे याचा अंदाज एक्सेल स्वतःच बांधतं. आकड्यासारखं दिसलं तर आकडा, तारखेसारखं दिसलं तर तारीख, घड्याळासारखं दिसलं तर वेळ आणि उरलेलं सगळं मजकूर. हा अंदाज तुम्हाला न विचारता बांधला जातो.

आकड्याभोवती अवतरणचिन्हं घातली की तो जसाच्या तसा राहतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सीएसव्हीमध्ये ती चिन्हं फक्त रकान्याची सुरुवात आणि शेवट दाखवतात. एक्सेल ती काढून टाकतं आणि आतल्या मजकुराचा अंदाज पुन्हा तसाच बांधतं.

दाखवलेला आकडा, साठवलेला आकडा, लिहिलेला आकडा

आता वरची फाइल डबल-क्लिक करून उघडली असं धरू. अक्षांशाच्या घरात `18.921984` येतं. रकाना अरुंद केला तर तेच घर `18.922` दाखवू लागतं आणि इथे लोक घाबरतात. पण घरावर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा, तिथे `18.921984` पूर्ण आहे. घरातला आकडा हे फक्त जागेत मावेल असं रूप आहे, आत साठवलेली किंमत वेगळी आहे आणि ती शाबूत आहे.

एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपतं म्हणून अक्षांश-रेखांश बिघडतात, असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. पंधरा अंकांची मर्यादा खरी आहे, पण आपल्या बाबतीत ती गुन्हेगार नाही. `72.834654` मध्ये आठच अंक आहेत. पंधरा अंक म्हणजे रेखांशाच्या दशांशचिन्हापुढे तेरा जागा, आणि तेराव्या जागेचा अर्थ जमिनीवर दहा-अकरा नॅनोमीटर होतो. जगातलं कुठलंही सर्वेक्षण तिथवर जात नाही. ही मर्यादा सोळा अंकी खाते क्रमांकांचा घात करते, अक्षांश-रेखांशांचा नाही.

खरी गडबड पुढे होते. कुणीतरी दोन्ही रकाने निवडतं आणि फॉरमॅटच्या यादीतून `Number` लावतं, कारण आकडे वेगवेगळ्या लांबीचे दिसत असतात आणि अहवालात ते बरं दिसत नाही. एक्सेलचा `Number` हा फॉरमॅट सहसा दोन दशांश दाखवतो. आता घरात `18.92` आणि `72.83` दिसतं. फॉर्म्युला बारमध्ये अजूनही सहाच्या सहा अंक आहेत. ही फाइल `.xlsx` म्हणून सेव्ह केली असती तर काहीच बिघडलं नसतं, कारण त्या प्रकारच्या फाइलीत किंमत आणि तिचं रूप वेगवेगळं साठवलं जातं.

पण फाइल सीएसव्ही आहे. सीएसव्हीमध्ये लिहिताना एक्सेल आत साठवलेली किंमत लिहीत नाही, घरात जे दिसतंय ते लिहितं. म्हणून सेव्ह केल्यावर फाइलमध्ये हे उरतं:

```
गेटवे ऑफ इंडिया,18.92,72.83
```

या पायरीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण ती अत्यंत शांतपणे घडते. सेव्ह झाल्यानंतरही समोरच्या खिडकीत फॉर्म्युला बार `18.921984` हेच दाखवत राहतो. काळजीपूर्वक तपासायला गेलेल्या माणसालाही सगळं ठीकच दिसतं. काही वैशिष्ट्यं या प्रकारच्या फाइलीत टिकणार नाहीत अशी एक सूचना एक्सेल देतं खरी, पण दशांश अंकांबद्दल त्यात अवाक्षर नसतं. फाइल बंद करून पुन्हा उघडली की मगच कळतं, आणि तोवर मूळ फाइलीवर नवी फाइल चढलेली असते.

जमिनीवर याचा अर्थ काय होतो? अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे जाताना आखूड होत जातो, मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे दशांशानंतरची दुसरी जागा एक किलोमीटरच्या आसपासची, चौथी दहा-अकरा मीटरची आणि सहावी सुमारे दहा सेंटीमीटरची. आपल्या बिंदूच्या अक्षांशातून `0.001984` गेलं, म्हणजे तो सुमारे २२० मीटर दक्षिणेला सरकला. रेखांशातून `0.004654` गेलं, म्हणजे सुमारे ४९० मीटर पश्चिमेला. सरळ रेषेत मोजलं तर गेटवे आपल्या जागेवरून अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडं जास्त हललं आणि पाण्याच्या कडेवरून कुलाब्याच्या वस्तीत आलं.

गेटवेचं असं झालं तर कुणीही ओळखेल. पण गावातल्या विहिरींचं, पाणवठ्यांचं किंवा झाडांच्या गणनेचं असं झालं तर कोण ओळखणार? दोन किलोमीटर लांब-रुंद परिसरातल्या चाळीस विहिरी दोन दशांशांवर आणल्या की त्या फार तर आठ-नऊ बिंदूंवर एकमेकींच्या डोक्यावर बसतात. नकाशावर विहिरी कमी दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की सर्वेक्षणच अपुरं झालं.

याच्या उलट टोकाचाही विचार करायला हवा. साध्या मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. त्यामुळे काही अ‍ॅप जे तेरा-चौदा दशांश देतात त्यांतले बरेचसे निरर्थक असतात. पाच दशांश म्हणजे एक मीटर, सहा म्हणजे दहा सेंटीमीटर. मोबाइलच्या नोंदींसाठी सहा जपले तर भरपूर झालं.

बिघाड झालाय हे कसं ओळखायचं

नकाशावर टाकून खूप जवळ जा. बिंदू एखाद्या अदृश्य जाळीच्या छेदांवर बसल्यासारखे, सरळ ओळींत आणि सारख्या अंतरावर दिसले तर दशांश कापले गेले आहेत. निसर्गात आणि गावात विहिरी अशा एक-एक किलोमीटरवर रांगेत नसतात.

नकाशा हाताशी नसेल तर स्प्रेडशीटमध्येच एक रिकामा रकाना घ्या आणि हे सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=B2=ROUND(B2,2)
```

आकडा दोन दशांशांवर आणला तरी तोच राहतो का, एवढंच हे विचारतं. सहा दशांशांचा खरा आकडा योगायोगाने असा निघण्याची शक्यता दहा हजारांत एक असते. एखादा `TRUE` आला तर हरकत नाही. रकानाभर `TRUE` आले तर कुणीतरी वाटेत सेव्ह केलेलं आहे. हीच तपासणी `3` आणि `4` घालूनही करा, कारण काही वेळा तीन-चार दशांश उरलेले असतात आणि ते नुसत्या डोळ्याला पुरेसे वाटतात.

टाळायचं कसं

फाइलमध्ये काय आहे हे फक्त बघायचं असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. तिथे अंदाज बांधला जात नाही, जे लिहिलंय तेच दिसतं.

एक्सेलमध्ये काम करायचंच असेल तर डबल-क्लिक न करता रिकामं वर्कबुक उघडा आणि `Data` > `From Text/CSV` या वाटेने फाइल आत घ्या. पूर्वदृश्याच्या खिडकीत `Data Type Detection` नावाची यादी असते. तिथे `Do not detect data types` निवडा. मग प्रत्येक रकाना मजकूर म्हणून येतो, `18.921984` हा आकडा न राहता नऊ अक्षरांची माळ बनतो आणि कुठलाही फॉरमॅट तिला हात लावू शकत नाही. सीएसव्हीत परत लिहितानाही तीच माळ लिहिली जाते. याची किंमत अशी की त्या रकान्याची सरासरी काढणं किंवा आकड्यांप्रमाणे क्रम लावणं सरळ जमत नाही. नुसती नावं सुधारायची असतील, रिकाम्या ओळी काढायच्या असतील, तर ते लागतही नाही.

आकडे आकडेच ठेवायचे असतील तर सेव्ह करण्याआधी दोन्ही रकाने निवडून `Format Cells` > `Custom` मध्ये हे लिहा:

```
0.000000
```

जे दिसतं तेच लिहिलं जातं, मग सहा अंक दिसू द्या. मला विचाराल तर एकच सवय लावायची असेल तर ही लावावी, कारण फाइल कुणी कशीही उघडलेली असो, शेवटच्या क्षणीही ही उपयोगी पडते.

मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा आणि तिच्या `Properties` मध्ये जाऊन ती `Read-only` करा. काम प्रतीवर करा.

लिब्रेऑफिसचं वागणं या बाबतीत जास्त सरळ आहे. सीएसव्ही उघडतानाच ते खिडकी दाखवून प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवू देतं. सेव्ह करताना `Edit filter settings` वर खूण केली की पुढच्या खिडकीत `Save cell content as shown` असा पर्याय येतो. त्यावरची खूण आधीपासून लावलेली असते, ती काढली की घरातलं रूप बाजूला ठेवून पूर्ण किंमत लिहिली जाते. गूगल शीट्सही सीएसव्ही उतरवून देताना दिसणारा आकडाच देतं, त्यामुळे तिथेही दशांश वाढवूनच फाइल उतरवा. आयात करताना `Convert text to numbers, dates, and formulas` वरची खूण काढता येते.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत `File` > `Options` > `Data` मध्ये `Automatic Data Conversion` नावाचा विभाग आला आहे. सुरुवातीची शून्यं काढणं, अक्षर-अंकांच्या जोडीची तारीख करणं असे काही अंदाज तिथे बंद करता येतात. अशा अंदाजांचा उपद्रव किती होता ते यावरून कळेल की मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने `SEPT1`, `MARCH1` अशी नावं बदलून `SEPTIN1`, `MARCHF1` केली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. पण दोन दशांशांचा फॉरमॅट लावून सेव्ह करण्यावर या विभागात काही इलाज नाही.

अंशांचे तास होतात तेव्हा

सगळी यंत्रं दशांशांत अक्षांश देत नाहीत. काही जण अंश, मिनिटं आणि सेकंद विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी तोडून लिहितात. गेटवेचा अक्षांश तसा लिहिला तर `18:55:19.1` होतो. एक्सेलच्या नजरेला ही संध्याकाळची वेळ आहे: सहा वाजून पंचावन्न मिनिटं. त्यातून सेकंदांना अपूर्णांक जोडलेला असल्यामुळे ते मिनिटं-सेकंदांचा फॉरमॅट लावतं आणि घरात दिसतं `55:19.1`. अठरा अंश दृष्टीआड झाले. आता सीएसव्ही सेव्ह केलं तर दिसतं तेच लिहिलं जाणार, म्हणजे अठरा कायमचे गेले.

पण फाइल अजून सीएसव्हीत लिहिलेली नसेल, किंवा कुणी ती `.xlsx` म्हणून ठेवली असेल, तर इथे एक छान सुटका आहे. एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा भाग म्हणून. चोवीस तास म्हणजे एक. अंश-मिनिटं-सेकंद आणि तास-मिनिटं-सेकंद या दोन्हींची विभागणी साठ-साठचीच असल्यामुळे साठवलेल्या किमतीला चोवीसने गुणलं की थेट दशांश अंश मिळतात:

```
=B2*24
```

उत्तराच्या घराला `0.000000` फॉरमॅट लावा, नाहीतर तेही वेळेसारखंच दिसेल. आपल्या उदाहरणात उत्तर `18.921972` येतं. मूळ `18.921984` पेक्षा ते किंचित कमी आहे, कारण सेकंद एकाच दशांशापर्यंत लिहिले होते. फरक जमिनीवर सव्वा मीटरच्या आसपासचा, चालून जाण्यासारखा.

अंशाच्या चिन्हाने लिहिलेले अक्षांश, म्हणजे `18°55'19.1"N` असे, वेळ बनत नाहीत पण दुसरीच खोड काढतात. डबल-क्लिक केल्यावर `18Â°55'` असं दिसतं, कुठून तरी एक `Â` येऊन बसतो. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेली असते, तिच्यात अंशाचं चिन्ह दोन बाइटचं असतं आणि एक्सेल ती दोन बाइट विंडोजच्या जुन्या संकेताने दोन स्वतंत्र अक्षरं म्हणून वाचतं. आपल्या फाइलीतल्या नावाचंही तेच होतं, `गे` च्या जागी `à¤—à¥‡` उमटतं. बिघडलेलं नाव निदान लगेच डोळ्यांत खुपतं, बिघडलेला अक्षांश खुपत नाही. `From Text/CSV` ने फाइल घेताना `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की दोन्ही नीट येतात. सेव्ह करताना प्रकार `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच घ्या. हा प्रकार फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची एक खूण ठेवतो, तिच्यामुळे पुढच्या वेळी एक्सेलला संकेत आपोआप कळतो. साध्या `CSV (Comma delimited)` मध्ये देवनागरीला जागाच नसते. तिथे `गेटवे` चं `?????` होतं आणि त्यातून नाव परत मिळत नाही.

टिंब आणि स्वल्पविराम

जर्मनीत राहणाऱ्या किंवा तिथल्या सहकाऱ्यांबरोबर फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक बिघाड भेटतो. जर्मन मांडणीत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि टिंब हे हजार-लाख तोडायचं चिन्ह असतं. अशा संगणकावर सीएसव्ही डबल-क्लिक केली की आधी अख्खी ओळ पहिल्याच रकान्यात येते, कारण तिथे रकाने अर्धविरामाने तुटतात. मग माणूस `Text to Columns` वापरून रकाने पाडतो, आणि बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजाचा अक्षांश `52.516275` हा पाच कोटी पंचवीस लाखांच्या घरातला पूर्णांक होऊन बसतो, `52516275`. काही छोट्या आकड्यांच्या तर तारखा होतात, `12.05` म्हणजे बारा मे.

यातला पूर्णांक परत मिळवायला लोक दहा लाखांनी भागतात. ते धोक्याचं आहे. सगळ्या आकड्यांत सहाच दशांश होते याची खात्री नसते. `52.51627` आणि `52.516275` यांतलं टिंब एकदा गेलं की एकाच भाजकाने दोन्ही बरोबर येत नाहीत. त्यापेक्षा फाइल पुन्हा आत घ्या. `Text to Columns` च्या तिसऱ्या पायरीवर `Advanced` हे बटण असतं, तिथे दशांशचिन्ह टिंब आहे असं सांगता येतं. हे बटण शोधायला वेळ लागतो, पण एकदा सापडलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

गेलेलं परत मिळतं का

जिथे दशांश कापून सीएसव्ही लिहिली गेली आहे तिथे `18.92` वरून `18.921984` काढायचा कुठलाही मार्ग नाही. त्या चौकोनात जवळजवळ एक चौरस किलोमीटर जमीन आहे आणि बिंदू त्यात कुठेही असू शकतो. रकाना रुंद करून, दशांश वाढवून फक्त `18.920000` मिळतं. ते दिसायला नेमकं वाटतं म्हणून जास्त घातक, कारण पुढच्या माणसाला सहा अंक दिसतात आणि तो विश्वास ठेवतो.

म्हणून सेव्ह केल्यानंतर शंका आली तर सगळ्यात आधी खिडकी बंद करू नका. ती उघडी असेपर्यंत पूर्ण किंमत आत आहे. फॉरमॅट `0.000000` करा आणि पुन्हा सेव्ह करा, सहाही अंक फाइलीत परत जातात. खिडकी बंद झाली असेल तर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवरच्या फाइलीचा `Version history` बघा, ज्या ईमेलने फाइल पहिल्यांदा आली ती जोडणी शोधा आणि नोंद करणाऱ्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये मूळ नोंदी अजून आहेत का ते विचारा. अ‍ॅपमधून ती यादी पुन्हा उतरवली की आधीची फाइल बाजूला ठेवा. दोन्ही फाइली जुळवायच्या असतील तर नोंदीच्या क्रमांकावर जुळवा. अक्षांश-रेखांशावर जुळवायला गेलात तर कापलेल्या आकड्यांमुळे वेगवेगळ्या विहिरी एकच ठरतील.